बुटाचे उरलेले आठवडे

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते, आणि डिसेंबर उजाडला की तयारी करणाऱ्यांच्या प्रत्येक गटात एक प्रश्न निघतो: हेच शूज शर्यतीपर्यंत चालतील ना? मग बूट उलटा करून तळ पाहिला जातो. टाचेकडचं रबर शाबूत दिसलं, नक्षी अजून उठून दिसत असली, की ‘आरामात चालतील’ असा निकाल लागतो. हा निकाल चुकीच्या साक्षीदाराला विचारून दिलेला असतो. जमिनीला घासतो तो तळ आणि पायाला सांभाळतो तो मधला थर, हे दोन वेगळे भाग आहेत. तळाचं रबर चांगलं टिकाऊ असतं. मधला थर, ज्याला धावणारे मिडसोल म्हणतात, तो फोमचा असतो आणि तो आधी थकतो, बाहेरून फारसं काही न दाखवता.

म्हणून डोळ्यांपेक्षा हिशेबावर भरवसा ठेवावा लागतो. हिशेब दिसायला चौथीच्या मुलाला जमेल इतका सोपा आहे: बूट किती किलोमीटरला बदलायचा ती मर्यादा घ्या, त्यातून आजवर धावलेलं अंतर वजा करा आणि उरलेल्याला आठवड्याच्या अंतराने भागा. आलेलं उत्तर म्हणजे बुटाचे उरलेले आठवडे. पण यात जे तीन आकडे घालायचे, ते तिन्ही वाटतात तितके सरळ नाहीत. शिवाय उत्तर आल्यावर त्याचं काय करायचं, हेही बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

मर्यादेच्या आकड्यापासून सुरुवात करू. ४८० ते ८०० किलोमीटर, असं दुकानात, गटात, मासिकांत सगळीकडे सांगितलं जातं. हा आकडा मुळात मैलांतला आहे: ३०० ते ५०० मैल. मधला ४०० मैलांचा टप्पा म्हणजे सुमारे ६४४ किलोमीटर, म्हणून आपल्याकडे बरेच जण साडेसहाशे धरतात. इथे एक घोटाळा लक्षात ठेवण्यासारखा आहे. परदेशी लेखात ‘चारशेला बदला’ असं वाचून कोणी ते किलोमीटर समजलं, तर बूट अडीचशे किलोमीटर आधीच बाद होतो. उलट, ॲपमध्ये एकक मैलांवर राहिलं आणि मर्यादा म्हणून ६५० भरले, तर हजार किलोमीटर उलटून गेले तरी सूचना येणार नाही.

पण साडेसहाशेच का? त्यासाठी फोममध्ये काय होतं ते पाहायला हवं. बहुतेक रोजच्या सरावाच्या बुटांत ईव्हीए नावाच्या प्लास्टिकचा फोम असतो. त्यात हवेने भरलेले अतिशय बारीक कप्पे असतात. पाय पडला की कप्पे दबतात, पाय उचलला की फुगतात. धावताना एका पायावर शरीराच्या वजनाच्या दोन ते अडीच पट जोर येतो, आणि मध्यम वेगाने धावणाऱ्याचं प्रत्येक पाऊल किलोमीटरमागे सुमारे साडेपाचशे वेळा पडतं. साडेसहाशे किलोमीटरमध्ये एकेका बुटाचा फोम साडेतीन लाखांहून जास्त वेळा दाबला जातो. हळूहळू कप्प्यांच्या भिंतींना सुरकुत्या पडतात, काही फाटतात आणि फोम पूर्वीइतका उसळी घेत नाही. कापसाची गादी बसली तर पिंजून घेता येते. फोम पुन्हा पिंजता येत नाही.

ही झीज मोजायचे प्रयत्न जुने आहेत. १९८५ मध्ये कुक, केस्टर आणि ब्रुनेट या संशोधकांनी अमेरिकन जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. यंत्राने बुटांवर धावण्यासारखे आघात दिले, तेव्हा पहिल्या ५० मैलांतच धक्का शोषण्याची ताकद सुमारे तीन चतुर्थांशावर आली आणि २५० ते ५०० मैलांच्या दरम्यान ती साठ टक्क्यांच्याही खाली गेली. माणसांनी प्रत्यक्ष धावून वापरलेल्या बुटांत मात्र ५०० मैलांनंतरही सुमारे ७० टक्के ताकद शिल्लक होती. पुढे २००४ मध्ये व्हर्डेहो आणि मिल्स यांनी ईव्हीए मिडसोलवर काम केलं. ५०० किलोमीटरनंतर टाचेखालचा सर्वाधिक दाब सरासरीने दुप्पट झालेला त्यांना आढळला, आणि ७५० किलोमीटर धावलेल्या फोममधली मोडतोड सूक्ष्मदर्शकाखाली दिसली.

या अभ्यासांतून एक गोष्ट नीट कळते. फोम साडेसहाशेव्या किलोमीटरला मरत नाही. मोठी घसरण अगदी सुरुवातीला होते आणि नंतरचा उतार मंद असतो. म्हणजे मर्यादा ही निसर्गाने आखलेली रेघ नाही. आपण सोयीसाठी एक रेघ ओढतो आणि तिला धरून चालतो. माझ्या मते तरीही ती ओढायलाच हवी, कारण रेघ नसली की बूट ‘अजून थोडं’ म्हणत हजारापार जातो. फक्त तिच्या अचूकतेबद्दल भ्रम नसावा. ८० किलो वजनाच्या माणसाला पाचशे योग्य ठरू शकतात आणि ५० किलोच्या, पाय हलका टाकणाऱ्या मुलीला त्याच बुटात साडेसातशे.

आता एक हिशेब तारखांसकट करून पाहू. समजा, ठाण्यातली एक बाई २०२६ च्या मुंबई मॅरेथॉनची तयारी करते आहे. शर्यत १८ जानेवारीला, रविवारी. दिवाळी संपल्यावर सोमवार, २७ ऑक्टोबर २०२५ ला ती हिशेबाला बसते. त्या सोमवारपासून शर्यतीच्या रविवारपर्यंत बरोबर बारा आठवडे आहेत. तिच्या बुटावर ३१० किलोमीटर झालेत, मर्यादा तिने ६५० धरली आहे, म्हणजे ३४० उरले. गेल्या महिन्यात ती आठवड्याला सरासरी ३५ किलोमीटर धावली. स्प्रेडशीटमध्ये हे एका ओळीत बसतं:

```
=(650-310)/35
```

उत्तर ९.७. म्हणजे नऊ आठवडे पूर्ण होतील आणि दहाव्यात कधीतरी बूट संपेल, साधारण २ जानेवारीला. नवे शूज ख्रिसमसच्या सवलतीत घेऊ, असं ती ठरवते.

भागाकार बरोबर आहे, पण भाजक मागच्या महिन्याचा आहे आणि बूट पुढच्या महिन्यांत झिजणार आहे. मॅरेथॉनच्या तयारीत अंतर आठवड्यागणिक वाढतं, दर तीन-चार आठवड्यांनी थोडं उतरतं आणि शर्यतीआधी पुन्हा कमी होतं. तिच्या वेळापत्रकातले पहिले चार आठवडे ३६, ४०, ४४ आणि ३४ किलोमीटरचे आहेत. पुढचे चार ४६, ५०, ५४ आणि ४०. नवव्या आठवड्यात ५६, ज्यात रविवार, २८ डिसेंबरचा ३२ किलोमीटरचा लाँग रन आहे. त्यानंतर टेपर सुरू: ४६, मग ३२, आणि शेवटच्या आठवड्यात हलके १२ अधिक शर्यत.

इथे भागाकार बाजूला ठेवून नुसती बेरीज करत जायची. पहिल्या चार आठवड्यांत १५४ होतात. पाचव्याच्या शेवटी २००, सहाव्याच्या २५०, सातव्याच्या ३०४. आठव्या आठवड्यात शनिवारपर्यंत २४ किलोमीटर धरले तर ३२८, आणि रविवारी, २१ डिसेंबरला, सोळा किलोमीटरच्या रनमध्ये बारावा किलोमीटर संपताना ३४० पूर्ण होतात. म्हणजे बूट सरासरीने काढलेल्या तारखेच्या बारा दिवस आधी संपला. या बारा दिवसांच्या पोटात तिच्या सगळ्या तयारीतला सर्वात लांब रन येतो. सरासरीवर विसंबून ती २ जानेवारीपर्यंत त्याच बुटात धावली, तर बुटावर ७२५ च्या आसपास किलोमीटर झालेले असतील, आणि त्यातले ३२ एका सकाळी, पाय थकलेले असताना.

अंतर वर्षभर सारखं ठेवणाऱ्याला साधा भागाकार पुरतो. रोज पाच किलोमीटर, आठवड्यातून पाच दिवस धावणारा माणूस उरलेल्याला पंचविसाने भागून मोकळा होतो. पण वेळापत्रक चढउताराचं असेल तर पुढच्या आठवड्यांची बेरीजच करावी. ती भागाकारापेक्षा सोपीसुद्धा आहे.

आता मर्यादा हलवून पाहा. तीच बेरीज ६५० ऐवजी ५५० धरून केली तर बूट सहाव्या आठवड्यात, ७ डिसेंबरच्या आसपास संपतो. ७५० धरली तर दहाव्याच्या शेवटी, ४ जानेवारीच्या आसपास. मर्यादेत शंभर किलोमीटरचा फरक म्हणजे तिच्या वेळापत्रकात दोन आठवड्यांचा फरक. आणि मर्यादा शंभरने इकडे-तिकडे असणं अगदी शक्य आहे, हे आपण वर पाहिलंच. म्हणून ९.७ मधल्या त्या ‘सात’ला काही अर्थ नाही. आठवडे पूर्णांकात घ्यावेत आणि नेहमी खालचा पूर्णांक घ्यावा: ९.७ आले तर नऊ. दहावा आठवडा अर्धवट बुटावर सुरू करून मध्येच बदलण्यात काही फायदा नसतो.

पण माझ्या दृष्टीने या हिशेबातली खरी महत्त्वाची तारीख बूट संपण्याची नाहीच. महत्त्वाची आहे नवा बूट पायात घालण्याची तारीख, आणि ती बरीच आधी येते. नवे शूज थेट मॅरेथॉनला घालू नयेत, हे सगळे जाणतात. त्यात काही लाँग रन झालेले असावेत, म्हणजे नख कुठे लागतं, टाच कुठे घासते, मोजा कोणता चालतो हे आधी कळतं. शिवाय जुन्या दबलेल्या फोमवरून एकदम नव्या उंच, उसळत्या फोमवर गेलं की पोटऱ्या आणि घोटे एक-दोन आठवडे कुरकुर करतात. २००९ मध्ये काँग, कँडेलारिया आणि स्मिथ यांनी चोवीस धावपटूंना नव्या आणि तेच २०० मैल वापरलेल्या बुटांत धावताना मोजलं. झिजलेल्या बुटात पाय जमिनीवर थोडा जास्त वेळ टेकत होता आणि शरीराची ठेवण किंचित बदलली होती, पण आघाताचा जोर बदलला नव्हता. शरीर बुटाच्या झिजेशी जुळवून घेतं. तसंच ते नव्या बुटाशीही जुळवून घेतं, पण त्याला वेळ द्यावा लागतो.

म्हणून ठाण्याच्या त्या बाईने बूट संपायची वाट पाहू नये. पाचव्या आठवड्याच्या शेवटी, ३० नोव्हेंबरला, जुन्या बुटावर ५१० किलोमीटर झालेले असतात आणि १४० उरलेले असतात. तिथे नवी जोडी आणावी आणि दोन्ही एकत्र चालवाव्यात. सहाव्या आठवड्यातल्या पन्नासपैकी फक्त दहा नव्या बुटात, तेही एखाद्या साध्या सकाळी. सातव्यात सोळा, आठव्यात अठरा. २८ डिसेंबरचे बत्तीस पूर्णपणे नव्या बुटात. दहाव्या आठवड्यात तीस. या पाच आठवड्यांत जुन्या बुटाच्या वाट्याला अनुक्रमे ४०, ३८, २२, २४ आणि १६ येतात. बेरीज बरोबर १४०. जुना बूट ४ जानेवारीला साडेसहाशे पूर्ण करून निवृत्त होतो. शेवटच्या दोन आठवड्यांतलं सगळं धावणं धरलं तर नव्या बुटावर शर्यतीच्या पहाटे १५० किलोमीटर असतात. तो पायात बसलेला असतो आणि त्याचं बरंचसं आयुष्य अजून शिल्लक असतं. पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर लागतो, तेव्हा याचा उपयोग होतो.

दोन जोड्या आलटूनपालटून वापरल्या की प्रत्येक जोडीचे आठवडे वाढतात, हे उघड आहे, कारण आठवड्याचं अंतर दोघींत वाटलं जातं. एकूण किलोमीटर मात्र वाढत नाहीत. खर्च पुढे ढकलला जातो, वाचत नाही. दोन जोड्यांचा दुसरा फायदा लक्झेंबर्गच्या संशोधकांनी २०१५ मध्ये मांडला. २६४ जणांना बावीस आठवडे पाहिलं, तेव्हा एकापेक्षा जास्त जोड्या वापरणाऱ्यांत दुखापतीचा धोका ३९ टक्क्यांनी कमी आढळला. पायावर रोज अगदी त्याच जागी तोच ताण पडत नाही, हे त्याचं संभाव्य कारण. मी हा आकडा कार्यकारण म्हणून घेत नाही, पण हिशेबाच्या सोयीसाठी तरी दोन जोड्या असाव्यात असं मला मनापासून वाटतं.

दोन जोड्या आल्या की नोंदीत एक ठरलेली चूक शिरते. स्ट्रावा किंवा गार्मिनच्या ॲपमध्ये प्रत्येक बुटाची नोंद करता येते आणि ठरावीक अंतराला सूचनाही लावता येते. पण त्यात एक बूट नेहमीचा म्हणून ठरवलेला असतो आणि प्रत्येक रन आपोआप त्याच्याच खात्यात पडतो. नवा बूट घालून धावलं आणि ॲपमध्ये बदल करायचं राहिलं, तर जुना बूट कागदोपत्री म्हातारा होत जातो आणि नवा कोराच राहतो. महिन्यातून एकदा लाँग रनच्या नोंदी उघडून कोणता बूट लागलाय ते पाहावं. दुसरी गळती उलट बाजूची असते: धावण्याचेच शूज घालून भाजीबाजार, स्टेशन, ऑफिस. चालताना जोर धावण्याच्या निम्म्याच्या आसपास असतो, तरी रोजचे दोन-तीन किलोमीटर वर्षभरात कित्येक शेकडे होतात आणि ते कुठेच मोजले जात नाहीत. चालायला जुनी, निवृत्त जोडी वापरली की नोंद खरी राहते.

काही बुटांना हा आठवड्यांचा हिशेब लागूच होत नाही. शर्यतीसाठीचे हलके, कार्बन पट्टीचे शूज मऊ आणि उसळत्या फोमचे असतात आणि ते बहुधा सरावाच्या बुटांइतके टिकत नाहीत. त्याचं टोक म्हणजे आदिदासचा आदिझिरो ॲडिओस प्रो इव्हो १. इथिओपियाची तिग्स्त असेफा २४ सप्टेंबर २०२३ ला तो घालून बर्लिनमध्ये २ तास ११ मिनिटे ५३ सेकंदांत धावली आणि महिलांचा विश्वविक्रम झाला. एका बुटाचं वजन जेमतेम १३८ ग्रॅम, आणि कंपनीनेच तो एका मॅरेथॉनपुरता आणि थोड्या सरावापुरता असल्याचं सांगितलं होतं. असे शूज किलोमीटरने मोजण्यापेक्षा शर्यतींनी मोजावेत.

आपल्याकडचा पाऊसही हिशेबात येतो, पण आकड्यात बसत नाही. जून ते सप्टेंबर ओल्या रस्त्यावर धावून बूट रोज भिजतो. तो कडक उन्हात किंवा हीटरपाशी वाळवला तर फोम आणि तळ जोडणारा गोंद सैल पडतो. वर्तमानपत्राचे बोळे आत घालून, इनसोल काढून, पंख्याखाली सावलीत वाळवलेला बूट जास्त टिकतो. आणि डब्यात न वापरता दोन-तीन वर्षं ठेवलेला बूट शून्य किलोमीटरचा असला तरी नवा नसतो. गोंद आणि फोम दमट हवेत नुसते पडूनही म्हातारे होतात. सवलतीत मागच्या मागच्या वर्षीचं मॉडेल घेताना मर्यादा पन्नास-शंभरने कमी धरावी, हे माझं मत.

मग मर्यादा आपल्या पायासाठी बरोबर धरली आहे की नाही, हे कसं ओळखायचं? चारशे किलोमीटर झाले की दर पंधरवड्याला तीन गोष्टी पाहाव्यात. बूट टेबलावर ठेवून मागून, टाचेच्या रेषेत बघावं: तो आत किंवा बाहेर कललेला असेल तर फोम एका बाजूने बसला आहे. मिडसोलच्या बाजूवर आडव्या, खोल सुरकुत्या पायावरून काढल्यावरही तशाच राहतात का, हे दुसरं. तिसरं, टाचेखालचा फोम अंगठ्याने जोरात दाबावा आणि दुकानात त्याच मॉडेलच्या नव्या बुटाचा तोच भाग दाबावा. दोन्हींतला फरक हाताला लगेच कळतो. टाचेच्या बाहेरच्या कडेला रबर घासून खालचा पांढरा फोम दिसू लागला, तर हिशेब काहीही म्हणो, बूट संपला. नडगीत, गुडघ्याच्या बाजूला किंवा टाचेत नवंच दुखणं सुरू होणं हीही खूण असू शकते, पण त्याची कारणं दहा असतात. एकदम वाढवलेलं अंतर हे त्यातलं पहिलं.

या खुणा ज्या किलोमीटरला दिसतील तो आकडा बुटाच्या नोंदीत लिहून ठेवावा. ठाण्याच्या त्या बाईला ६०० लाच टाच कललेली दिसली, तर त्याच मॉडेलच्या पुढच्या जोडीची मर्यादा ६५० नव्हे, ६०० धरायची. शर्यतीच्या दिवशी त्या जोडीवर १९२ किलोमीटर झालेले असतील, म्हणजे ४०८ उरतील. शर्यतीनंतरचे दोन आठवडे विश्रांती, मग आठवड्याला ३० किलोमीटर धरले तर तेरा आठवडे. फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारपासून मोजले की मेच्या सुरुवातीला ती जोडी संपेल. पण तिसरी जोडी पायात घालायची वेळ त्याच्या चार-पाच आठवडे आधी, मार्चअखेरीस येईल.